'जर' मोजू नका, 'तर'च्या आधीचं क्रियापद वाचा

शाळेतले कल्पनाप्रधान निबंध आठवतात का? 'मी मुख्याध्यापक झालो तर', 'सूर्य उगवलाच नाही तर', 'मला पंख असते तर'. तिन्ही शीर्षकांत 'तर' आहे, तिन्हींचा प्रकार एकच मानला जातो, आणि गुणही एकाच निकषावर मिळतात. पण पहिलं आणि तिसरं शीर्षक लागोपाठ मोठ्याने म्हणून बघा. 'झालो तर' म्हणणाऱ्या मुलासमोर दार उघडं आहे, तो उद्या खरंच मुख्याध्यापक होऊ शकतो. 'पंख असते तर' म्हणणाऱ्याला पंख नाहीत हे वाक्य सुरू करतानाच माहीत आहे. एकात बेत आहे, दुसऱ्यात हुरहुर. हा फरक 'जर'मुळे पडत नाही. 'जर' तर दोन्हींत नाहीच. फरक 'झालो' आणि 'असते' यांच्यात आहे.

आजचा लेख या फरकाबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणी लोककवितेवर किंवा आधुनिक कवितेवर संशोधन आराखडा लिहीत असेल आणि त्यात 'इच्छापर कविता', 'उपदेशपर कविता' असे रकाने केले असतील, तर ते रकाने भरण्याआधी हे वाचा. कारण कवितेचा सूर आपण बहुतेक वेळा विषयावरून ठरवतो आणि व्याकरण परिशिष्टात टाकतो. माझं म्हणणं असं की शर्तीच्या कवितेत सूर व्याकरणातच ठरलेला असतो, विषय नंतर येतो.

थोडं शाळेचं व्याकरण उजळून घेऊ, नाव घाबरवणारं असलं तरी काम सोपं आहे. क्रियापदाचे चार अर्थ आपण शिकलो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मोरो केशव दामल्यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून (१९११) ते स्पर्धा परीक्षेच्या गाइडपर्यंत ही चौकडी कायम आहे. शर्त आली की संकेतार्थ, असं आपण पाठ केलं. अडचण अशी की 'पाऊस पडला तर पेरू' या वाक्यात 'पडला' हे रूप साध्या भूतकाळाचं आहे, म्हणजे लाख्यात. 'काल पाऊस पडला' मध्येही तेच. संकेतार्थाचं स्वतःचं, दुसरीकडे न सापडणारं रूप वेगळं आहे: 'पाऊस पडता तर पेरतो', किंवा आजच्या बोलीत 'पडला असता तर पेरलं असतं'. म्हणजे मराठीत उघडी शर्त उसन्या कपड्यात वावरते, घडून गेलेल्या गोष्टीच्या कपड्यात. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं अवलंबून आहे.

आता बुलढाणा जिल्ह्यात येऊ. सोयाबीन, कापूस, तूर ही इथली खरिपाची पिकं, आणि ती पावसावर. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राचा पाऊस इथे नावानिशी ओळखला जातो. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, त्यामुळे अख्खा पावसाळा पंधरवड्यांत कापलेला असतो. प्रत्येक पंधरवड्यासाठी एखाददुसरी यमकबद्ध उक्ती असते: अमुक नक्षत्र बरसलं तर तमुक होईल. महाराष्ट्रभर अशा उक्ती सहदेव-भाडळीच्या नावावर सांगतात, हिंदी पट्ट्यात घाघ-भड्डरीच्या. शर्तीवर उभी असलेली उपदेशपर कविता शोधायला यापेक्षा चांगली जागा नाही.

प्रत्यक्ष उक्ती इथे न देता मी त्याच घडणीचं एक जोडवाक्य स्वतः जुळवलं आहे. ते कविता म्हणून नाही, चाचणीसाठी आहे:

मघा बरसल्या तर भरेल विहीर,
कोरड्या गेल्या तर धरावा धीर.

पद्धत अशी: शब्द तेच ठेवायचे, फक्त क्रियापदाचे शेवट बदलायचे आणि दरवेळी विचारायचं, की हे कोण, कुणाला, कधी म्हणतंय? संशोधनात याला प्रतिस्थापन म्हणतात. कागद-पेन पुरतं.

मूळ रूपात बोलणारा माणूस अनुभवी आहे. त्याला निसर्गाची यंत्रणा ठाऊक आहे, पाऊस येईल की नाही ते मात्र त्याने सांगितलेलं नाही. पहिली ओळ 'भरेल'वर संपते, म्हणजे भाकीत. दुसरी 'धरावा'वर संपते, म्हणजे विध्यर्थ, सल्ला. दोन ओळींत एकच 'तर' असूनही पहिलीत तो जाणकार आहे आणि दुसरीत वडीलधारा. आता 'भरेल'ऐवजी 'भरते' करा. 'मघा बरसल्या तर भरते विहीर.' यंदाचा पाऊस वाक्यातून निघून गेला, उरला नियम. माणूसही निघून गेला, आता परंपरा बोलते आहे. 'धरावा धीर'च्या जागी 'धर धीर' करा: वडीलधारा जवळ आला, खांद्यावर हात ठेवून बोलतोय, पण 'धरावा'मध्ये जे सगळ्यांना लागू होतं ते आता एकाच माणसाला उद्देशून झालं.

आता पहिली ओळ पूर्ण संकेतार्थात टाका: 'मघा बरसल्या असत्या तर भरली असती विहीर.' भाद्रपद आला आहे, विहिरीचा तळ दिसतो आहे, रब्बीच्या गव्हाचं काय करायचं हा प्रश्न बायकोने दोनदा विचारून झाला आहे. यातलं काहीही वाक्यात लिहिलेलं नाही. सगळं 'असत्या'ने आणलं. आणि जुनं रूप, 'बरसत्या तर भरती', वापरलं तर तीच हळहळ थोडी दूर जाते, कहाणीतल्या माणसाची होते.

शर्त काढूनच टाकली तर? 'मघा बरसोत, भरो विहीर.' ही प्रार्थना. 'मघा बरसाव्या, भरावी विहीर.' ही इच्छा, पण जरा घरगुती, ओट्यावर बसून केलेली. '-ओ'ला ऐकणारा कुणीतरी वर बसलेला लागतो, '-आवा'ला नाही लागत. शाळेच्या व्याकरणात आशीर्वादाचं 'भलं करो' आज्ञार्थात घालतात. मला ते लहानपणी विचित्र वाटायचं, देवाला कसली आज्ञा? आता पटतं. मागणं आणि हुकूम एकाच घरातले आहेत, फरक कोण खाली आणि कोण वर एवढाच.

इथपर्यंत खेळ वाटला असेल. आता तो भाग, जिथे अख्खं प्रकरण चुकू शकतं.

दुसरी ओळ परत घ्या: 'कोरड्या गेल्या तर धरावा धीर.' यातला 'तर' पुसा. 'कोरड्या गेल्या, धरावा धीर.' एक अक्षरजोडी गेली आणि शक्यता होती तिथे बातमी आली. कारण 'गेल्या' हे लाख्यात आहे, आणि 'तर' नसेल तर ते आपल्या मूळ धंद्याला, म्हणजे घडलेलं सांगायला, परत जातं. उपदेशाचं सांत्वन झालं.

वऱ्हाडीत हे होणं फार सोपं आहे. इथे 'तर'चा 'त' होतो: 'पाणी आलं त पेरू.' हा 'त' ऱ्हस्व, निसटता, पुढच्या शब्दाला चिकटणारा. बाई जात्यावर किंवा निंदताना गाऊन सांगत असेल, मागे ट्रॅक्टर असेल, मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल, तर हा 'त' ऐकू न येण्याची शक्यता मोठी. शिवाय 'जर' तर बोलीत मुळातच क्वचित येतो, त्यामुळे लिप्यंतर करणाऱ्याला सावध करायला दुसरी खूणही नाही. तो 'कोरड्या गेल्या' लिहितो, तुम्ही तक्त्यात 'शोकपर' लिहिता, आणि मग त्यावर दुष्काळाच्या अनुभवाचं एक परिच्छेदभर विवेचन येतं, जे बाईने कधी म्हटलेलंच नाही. उलटंही घडतं. कुणी खरंच गेलेल्या पावसाबद्दल बोलतंय आणि प्रमाण मराठीची सवय असलेला हात तिथे 'तर' घालून वाक्य 'दुरुस्त' करतो. मग रडणाऱ्या बाईच्या तोंडी आपण शहाणपण घातलेलं असतं. या जिल्ह्यात कोरड्या गेलेल्या नक्षत्राचा हिशेब कर्जात होतो, म्हणून ही चूक मला नुसती तांत्रिक वाटत नाही.

ओळखायचं कसं? आधी पुढच्या वाक्याचं क्रियापद बघा. '-ईल' किंवा नियमवाचक वर्तमान असेल तर मागे शर्त असण्याचीच शक्यता. भूतकाळ असेल, किंवा 'आता', 'यंदा' असे शब्द असतील, तर घटना. '-आवा' मात्र दोन्हींना चालतो, वरचं उदाहरण म्हणूनच फसवं आहे. तिथे कान लावा: शर्तीच्या वाक्याच्या शेवटी आवाज वर अडकून राहतो, खाली येत नाही, कारण पुढचं यायचं आहे. बातमी सांगताना तो टेकतो. आणि तरीही शंका उरली तर थेट विचारा, पण 'याचा अर्थ काय' असं विचारू नका. 'हे तुम्ही कवा म्हणता?' असं विचारा. मृगाच्या आधी म्हणतात की मघा सरल्यावर, या एका उत्तरात तुमचा रकाना ठरतो. मघा साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात असतात, त्यामुळे नोंदवहीत रेकॉर्डिंगची तारीख नसेल तर ही वाट बंद.

'तर'चं महत्त्व तो नसलेल्या जागीही कळतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी तुम्ही वाचली-ऐकली असेल. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखून धान्यं मांडतात, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. या भाकिताची भाषा ऐका. अमुक महिन्यात पाऊस कमी, अमुक पीक मध्यम. त्यात 'तर' नाही. स्वार्थ आहे, सरळ विधान. सहदेव-भाडळीच्या घडणीची उक्ती खोटी पडणं अवघड, कारण नक्षत्र कोरडं गेलं तर तिने काही कबूलच केलं नव्हतं. भाकीत खोटं पडू शकतं, आणि म्हणूनच दरवर्षी त्याची पडताळणी होते, अंधश्रद्धा निर्मूलनवाले आक्षेप घेतात, वर्तमानपत्रं दोन्ही बाजू छापतात. उक्तीवर कुणी मोर्चा नेत नाही. शर्तीच्या कवितेच्या शांत, समजूतदार सुराचं एक कारण हे आहे: तिने जबाबदारी पावसाकडे सोपवलेली असते. भाकीत सांगणाऱ्याला ती चैन नाही.

माणसाला केलेल्या उपदेशात जबाबदारी कुणाकडे जाते? इथे मराठीकडे एक सोय आहे. 'राग आवरलास तर निभावशील' आणि 'तुला राग आवरता आला तर निभेल', ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात तू कर्ता आहेस. राग आवरला नाहीस तर दोष तुझा, आणि वाक्याला परीक्षेचा वास आहे. दुसऱ्यात 'तुला' आहे, आवरणं 'येतं' किंवा येत नाही, पाऊस येतो तसं. दोष कमी झाला, मायाही आली. आपल्या आया 'जमलं तर बघ' म्हणतात तेव्हा हेच करतात. 'आवरत असशील तर' ही तिसरी वाट, जी आधीच संशय घेते: खरंच आवरतोस का?

जगातली शर्तीवरची सगळ्यात प्रसिद्ध उपदेशकविता रुडयार्ड किपलिंगची 'इफ', १९१० मध्ये पुस्तकात आलेली. आठ-आठ ओळींची चार कडवी, आणि फळ सांगणारं वाक्य अगदी शेवटी. इंग्रजीत शर्तीचा शब्द आरंभी येतो, त्यामुळे एकावर एक अटी रचत जाता येतं आणि वाचक शेवटपर्यंत टांगलेला राहतो. मराठीत आणताना दोन अडचणी येतात. एक, आपला 'तर' वाक्याच्या शेवटी बसतो. प्रत्येक अटीला 'तर' लावला की प्रत्येक ओळ 'पुढे काय?' विचारते आणि उत्तर न देता थांबते. तिसऱ्या ओळीला कंटाळा. दोन, इंग्रजी क्षमता एकाच साच्यात सांगते, आणि मराठीला 'शकलास तर', 'शकत असशील तर' आणि 'तुला जमलं तर' यांतून निवडावं लागतं. निवडीसरशी बाप बदलतो: पहिला कडक, दुसरा साशंक, तिसरा मऊ. या कवितेचं कुठलंही मराठी रूपांतर हाती घ्याल तेव्हा 'भाव उतरला आहे की नाही' यावर पान खर्च करू नका. कुठला बाप निवडला ते आधी बघा. मला विचाराल तर तिसरा बाप मराठीत सगळ्यात खरा वाटतो, पण तो मूळ कवितेतला नाही.

कधी कधी शर्त असते आणि 'तर' मुद्दाम गिळलेला असतो. बुलढाण्याचे म्हणून ज्यांच्यापासून सुरुवात करावी ते कवी ना. घ. देशपांडे. मेहकरला वकिली केली, 'शीळ' (१९५४) हा संग्रह, 'खूणगाठी'साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. जी. एन. जोशींनी गायलेलं त्यांचं डाव न मोडण्याची विनवणी करणारं गाणं आठवा. ते 'नको'वर चालतं. 'नको' हा नकारी आज्ञार्थ, पण प्रेमात तो हुकूम राहत नाही, कारण त्यामागे एक अर्धी शर्त उभी असते: मोडलास तर... पुढचं बोलायचं नसतं. वाक्य पूर्ण केलं तर धमकी होईल, अर्धं ठेवलं म्हणून आर्जव. बोलीतही हेच. 'पाणी नाही आलं त?' एवढंच म्हणून माणूस गप्प बसतो तेव्हा फळ सांगायची गरज नसते. अशा ओळी तक्त्यात कुठे टाकायच्या? मी त्यांना 'शर्त, फळ लुप्त' असा वेगळा रकाना दिला आहे, आणि तो अपेक्षेपेक्षा भराभर भरतो.

शेवटी इच्छेची सगळ्यात परिचित कविता, पसायदान. परिपाठात म्हटल्यामुळे आपण ते ऐकतो, वाचत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, शके १२१२ म्हणजे १२९० मधलं. विषयावरून बघाल तर नऊही ओव्या सारख्याच, मंगल. क्रियापदांचे शेवट तेवढे पेन्सिलने अधोरेखित करा. सुरुवातीला देवाकडे मागणं '-आवे'त आहे, आदराने, समोरासमोर. मग जगाविषयीच्या इच्छा सुरू होतात आणि रूप '-ओ' होतं, अधूनमधून त्याचीच जुनी '-तु' अशी भावंडं. 'जर' कुठेही नाही. दुष्टांनी सुधारावं याला कसलीही अट घातलेली नाही. शर्तीच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे 'जो... तो' ही जोडी. ती 'जर... तर'ची बहीण आहे, पण स्वभाव उलटा: 'जर' दारावर उभा राहून तपासतो, 'जो' कुणालाही आत घेतो. पुढे मागणं पुन्हा '-आवे'वर येऊन थांबतं.

मग बोलणारा बदलतो. उत्तर येतं, आणि ते साध्या भविष्यकाळात, '-ईल'मध्ये येतं. इतका वेळ इच्छा होती, तिचं आता आश्वासन झालं. त्यानंतर एकच क्रियापद उरतं, शेवटचं, आणि ते लाख्यात आहे. तेच रूप, जे 'झालो तर'मध्ये उघडी शक्यता होतं आणि 'कोरड्या गेल्या'मध्ये 'तर' गळाल्यावर वाईट बातमी झालं. इथे त्याला 'तर' लागलेलाच नाही. मागणाऱ्याचं सुख घडून गेलं आहे, आणि जग सुधारण्याचं काम मात्र अजून '-ईल'मध्येच आहे.